डावा पाय, जांघेतली कळ आणि ‘पोट वाढलं की होतंच असं’

पत्र : मी ३१ वर्षांची, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. सत्ताविसावा आठवडा चालू आहे. चार दिवसांपासून डावा पाय जड झालाय, जांघेत दुखतं आणि कळ मागे कुल्ल्यापर्यंत जाते. चप्पल फक्त डाव्याच पायात घट्ट होते. सासूबाई म्हणतात नस चढली, रोज रात्री तेल लावून चोळून देतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कालपासून ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, पण पोट वाढलं की होतंच असं सगळ्या सांगतात. बीपी वाढू नये म्हणून मला ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे, म्हणजे माझं रक्त पातळच असणार ना? उद्या डोहाळजेवण आहे आणि डॉक्टरांची तारीख गुरुवारची. एवढ्यासाठी मध्येच फोन केला तर घाबरट वाटेन. गेलेच तर एक्स-रे, सीटी काढतील आणि बाळाला किरणं लागतील ही भीती वेगळीच. गुरुवारपर्यंत थांबू का?

उत्तर : नाही, थांबायचं नाही. हे तुला फोनवर सांगून झालंच आहे. एरवी या सदरातल्या पत्रांना उत्तर द्यायला मला दोन-तीन आठवडे लागतात, पण तुझं पत्र शनिवारी रात्री वाचलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधी खाली दिलेला नंबर फिरवला. पहिल्या मिनिटातच “अगं, ऐक” म्हणून झालं, तेव्हा आता इथेही ‘तू’च म्हणते.

तू त्याच रात्री गेलीस आणि तपासण्या झाल्या. त्यात काय निघालं ते इथे छापायचं नाही, असं आपण दोघींनी ठरवलं. शिरेत रक्ताची गुठळी निघाली असं लिहिलं, तर वाचणारी म्हणेल, “तिचं वेगळं होतं बाई.” नाही निघाली असं लिहिलं, तर म्हणेल, “बघा, उगीच धावपळ.” दोन्ही वाचून ती घरीच बसेल. गरोदरपणात गुठळीच्या शंकेने तपासायला आलेल्या दहाजणींपैकी साधारण नऊजणींना गुठळी नसतेच. हे माहीत असूनही आम्ही दहाही जणींना रात्री-अपरात्री बोलावतो, कारण दहावी कोण ते बाहेरून बघून कळत नाही. घाबरटपणाचा हिशेब त्यात कुठे येत नाही.

आता जरा शांतपणे बोलू. ‘होतंच असं’ या वाक्याची पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा खरं असतं. पाय सुजतात, कंबर दुखते, धाप लागते, रात्री पोटरीत गोळे येतात. पण हे सगळं कसं होतं, कुठे होतं आणि कधी सुरू झालं, याला एक ठरावीक चाल असते. तुझ्या पत्रातली लक्षणं त्या चालीत बसत नव्हती.

गरोदरपणातली नेहमीची सूज दोन्ही पायांवर येते. संध्याकाळी वाढते, पाय वर घेऊन झोपलं की सकाळपर्यंत बरीच ओसरते. एका पायावर थोडी जास्त असू शकते, पण एक चप्पल सैल आणि दुसरी अंगठ्यात रुतते, असं होत नाही. पोटरीतला गोळा मध्यरात्री येतो, जीव काढतो आणि पाय ताणला की मिनिटा-दोन मिनिटांत जातो. मागे थोडं दुखरं राहतं, एवढंच. चार दिवस एकाच पायात मुक्काम ठोकून बसलेलं दुखणं म्हणजे गोळा नव्हे.

त्यातून तुझा पाय डावा. गर्भारपणात पायात होणाऱ्या गुठळ्यांपैकी बहुतेक, साधारण दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त, डाव्या पायात होतात. कारण आपल्या शरीराच्या रचनेतच आहे. डाव्या पायाकडून वर येणारी मोठी शीर ओटीपोटात जिथे मणक्यासमोरून जाते, तिथे उजव्या पायाकडे जाणारी धमनी तिच्यावरून आडवी जाते. धमनी टणक आणि ठोके देणारी, शीर मऊ. एरवी हे थोडं दबणं चालून जातं, पण गर्भाशय वाढलं की त्या जागी आणखी दाब येतो आणि डाव्या पायातलं रक्त वर चढायला मंदावतं. शिवाय गरोदरपणात रक्त गोठायची तयारी वाढलेली असते. बाळंतपणात रक्त वाहून जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे आणि ती पहिल्या तिमाहीपासूनच सुरू होते. म्हणून ‘मला तर तिसराच महिना आहे’ असं म्हणणारीही यातून सुटत नाही. एकंदरीत गुठळीचा धोका गरोदर नसतानापेक्षा चार-पाच पटींनी वाढतो. तरीही हजार गरोदरपणांमागे एखाद-दोन जणींनाच हा त्रास होतो, हेही त्याच दमात सांगायला हवं.

डाव्या बाजूच्या या अडथळ्यामुळे आणखी एक गोष्ट होते, आणि ती पुष्कळ डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. पायातली गुठळी म्हटलं की सगळे पोटरी चाचपतात. गरोदर बाईत मात्र गुठळी अनेकदा वर, मांडीच्या किंवा ओटीपोटातल्या शिरेत होते. तेव्हा पोटरी अगदी मऊ असते आणि दुखतं जांघेत, कुल्ल्यात, कमरेच्या डाव्या बाजूला, कधी ओटीपोटात. त्याला घरात ‘नस चढली’ म्हणतात आणि दवाखान्यात ‘सायटिका’.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी एक पेशंट होती, विसाव्या आठवड्यातली. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी बेजार झालेली, दोनदा सलाइन लावावं लागलेलं. नंतर थोडं अंगावरून गेलं म्हणून घरच्यांनी तिला पंधरा दिवस पलंगावरून उतरूच दिलं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वर नुसतं पडून राहणं, या दोन्हींनी रक्त गोठायला मदत होते. तिने मला फोन केला, “मॅडम, डाव्या बाजूला कंबर आणि जांघ दुखतेय.” मी ओपीडीत होते, बाहेर रांग. विचारलं, “पोटरी दुखते का?” म्हणाली, नाही. मी कॅल्शियम नीट घ्यायला सांगितलं, शेकायला सांगितलं आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला उचलूनच घेऊन आला. डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत सुजलेला, ताणून चकाकणारा, रंग निळसर. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी मांडीच्या शिरेतून वर ओटीपोटात गेलेली दिसली. ती वाचली, बाळही व्यवस्थित झालं. पण तिचा डावा पाय आजही संध्याकाळी जड होतो, घोट्याजवळची कातडी काळवंडली आहे, मोजा घातल्याशिवाय तिला उभं राहवत नाही. शिरेच्या आतल्या झडपा एकदा खराब झाल्या की पुन्हा नीट होत नाहीत. फोनवर मी पोटरीऐवजी पायाबद्दल विचारलं असतं, दोन्ही पायांत काही फरक वाटतो का एवढं जरी विचारलं असतं, तर ते तीन दिवस वाचले असते.

म्हणून तुला फोनवर शिवणाचा टेप आणायला लावला. हे कुणालाही घरी करता येतं. गुडघ्याच्या वाटीखाली पुढे हाडाचा एक उंचवटा लागतो, त्याच्या खाली बरोबर १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. टेप आवळायचा नाही, दोन्हीकडे सारखाच धरायचा. दोन पोटऱ्यांत २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर गुठळीची शंका बरीच वाढते. मग मांड्याही दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर मोजून बघायच्या. पण या टेपचा उपयोग एकाच बाजूने होतो. फरक दिसला तर निघायचं. फरक नाही दिसला म्हणून घरी बसायचं नाही, कारण गुठळी वर असेल तर सुरुवातीला सूज नसतेही. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का बघायची जुनी युक्ती तर सोडूनच दे. गुठळी नसताना दुखतं आणि असताना दुखत नाही, असा तिचा कारभार आहे.

सासूबाईंच्या हाताला यश आहे, यात वाद नाही. दुखऱ्या स्नायूवर तेलाचा हात फिरला की आराम पडतोच आणि त्यामुळेच फसायला होतं. पण एकच पाय दुखत, सुजत असेल तर त्याला चोळणं, दाबणं, वरून शेक देणं हे सगळं तपासणी होईपर्यंत बंद. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. सासूबाईंना हे नीट समजावून सांग, दोष देऊ नकोस. त्यांच्या काळात कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

ॲस्पिरिनचा गैरसमज मला रोज भेटतो. ही छोटी गोळी रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि बीपीच्या गुंतागुंतीचा धोका कमी करायला आम्ही ती देतो. शिरेतली गुठळी तयार होते ती मुख्यतः रक्तातल्या गोठवणाऱ्या प्रथिनांमुळे. त्यांच्यावर या गोळीचा काही जोर चालत नाही. ती घेत राहा, पण तिच्या भरवशावर पायाचं दुखणं अंगावर काढायचं नाही.

आता धाप. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना धाप लागते, आणि ती पोट वर दाबतं म्हणूनच लागते असंही नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूला जास्त खोल श्वास घ्यायला लावतं, म्हणून कित्येकींना पोट दिसायच्या आधीच श्वास अपुरा वाटतो. ही धाप हळूहळू, काही आठवड्यांत वाढत जाते. जिना चढून वर बसलं की दोन-चार मिनिटांत श्वास जागेवर येतो, बोलता येतं, झोप लागते. कुठल्या दिवशी सुरू झाली असं विचारलं तर बाईला सांगता येत नाही. ज्या धापेची तारीख सांगता येते, तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. तू लिहिलं होतंस, ‘कालपासून’. त्याच जिन्याने तू महिनोन्महिने ट्रान्स-हार्बरची लोकल पकडतेस. परवापर्यंत चढत होतीस आणि काल थांबावं लागलं.

फुप्फुसात गुठळी अडकली की धाप अचानक लागते, बसल्या जागीही लागते. खोल श्वास घेतला की छातीत किंवा बरगडीखाली एका जागी सुरी खुपसल्यासारखी कळ येते, म्हणून बाई छोटे छोटे श्वास घेऊ लागते. छाती धडधडते. कोरडा खोकला येतो, कधी त्यात रक्ताचा अंश असतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, एखादी कोसळतेही. हे सगळं एकदम येईलच असं नाही. नुसती धाप आणि धडधड एवढ्यावरही भागतं, आणि पाय अजिबात न दुखता, न सुजता फुप्फुसात गुठळी सापडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

कोविडनंतर घराघरात ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर ९५ च्या खाली आकडा आला तर गरोदर बाईने लगेच निघायचं. पण ९८ आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. गुठळी असतानाही आकडा चांगला येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असलं की धाप लागते, हेही खरं आहे. पण ९ हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हातात असला की त्यावर सगळं खपवायचा मोह होतो, घरच्यांना आणि आम्हालाही. हिमोग्लोबिन एका रात्रीत उतरत नाही, म्हणून एका रात्रीत आलेली धाप त्याच्या नावावर घालता येत नाही.

तिथे गेल्यावर काय करतात, याची तुला जास्त भीती होती. पायासाठी करतात ती डॉपलर सोनोग्राफी. जेल लावून जांघेपासून खालपर्यंत शिरा बघतात आणि जागोजागी प्रोबने दाबतात. निरोगी शीर दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर दबत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात किरणं नसतात. बाळ बघायला जे यंत्र वापरतात, त्याचंच हे भावंड. तिची मर्यादा मात्र माहीत असू दे. ओटीपोटातली शीर अशी दाबून बघता येत नाही, गर्भाशय मध्ये येतं. त्यामुळे पहिली डॉपलर चांगली आली आणि तरीही डॉक्टरांना शंका असली, तर ते तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा करायला सांगतात किंवा एमआरआय काढतात. “एकदा तर केली, पुन्हा कशाला पैसे घालवायचे” असं म्हणून ती दुसरी डॉपलर टाळायची नाही.

परस्पर लॅबमध्ये जाऊन डी-डायमर ही रक्ताची तपासणी मात्र करू नकोस. गुठळी विरघळताना जो अंश रक्तात येतो, तो यात मोजतात. गरोदरपणात तो निरोगी बाईतही वाढलेलाच असतो आणि महिन्यागणिक वाढत जातो. रिपोर्टवर लाल अक्षरं बघून झोप उडते आणि निदान तिथेच राहतं. काही ठिकाणी डॉक्टर ठरावीक लक्षणांशी जोड घालून ती वापरतात, पण ते त्यांचं काम.

धापेसाठी ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि गरज पडली तर सीटी अँजिओग्राफी किंवा फुप्फुसाचा स्कॅन. पाय आणि छाती दोन्हींचा त्रास असेल तर आधी पायाची डॉपलर करतात, कारण तिथे गुठळी दिसली की उपचार तोच असतो आणि सीटी बहुधा टळतो. किरणांचं म्हणशील, तर बाळाला इजा होण्याची काळजी साधारण ५० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. छातीच्या सीटीत तुझ्या पोटातल्या बाळापर्यंत १ मिलिग्रेसुद्धा पोचत नाही, एक्स-रेमध्ये तर त्याहून कितीतरी कमी. सीटीतली किरणं लागतात ती आईच्या छातीला, म्हणून गरज नसताना आम्हीही काढत नाही. पण फुप्फुसातली गुठळी तशीच राहिली तर आईचा ऑक्सिजन उतरतो आणि बाळाला मिळणारा ऑक्सिजन आईचाच असतो. किरणांना भिऊन घरी राहणाऱ्या बाईचं गणित इथे उलटं पडतं.

शंका दाट असेल आणि तपासणीला वेळ लागणार असेल, तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात. मग रिपोर्ट चांगला आला की थांबवतात. तेव्हा “रिपोर्टच्या आधीच इंजेक्शन दिलं” म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांशी भांडू नये, ते बरोबर करत असतात. इंजेक्शन रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या जातीचं असतं, बहुतेक ठिकाणी एनॉक्सापॅरिन. डोस वजनावर ठरतो. नेहमीची पद्धत किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० किलोच्या बाईला सकाळी ६० आणि संध्याकाळी ६०. पोटाच्या बाजूची चरबी चिमटीत धरून कातडीखाली द्यायचं. माझी ती पेशंट चौथ्या दिवशी स्वतःच घ्यायला शिकली. पोटावर काळेनिळे डाग पडायचे, त्याची तिला सवय झाली. या औषधाचा रेणू एवढा मोठा असतो की तो वार ओलांडून बाळाकडे जात नाही. म्हणूनच इंजेक्शनांऐवजी गोळ्या द्या असं सांगून उपयोग नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफॅरिन वार ओलांडून जातं आणि नव्या गोळ्या गरोदरपणात देत नाहीत.

हे इंजेक्शन तात्पुरतं असेल असं समजू नये. ते बाळंतपणापर्यंत चालतं, नंतरही किमान सहा आठवडे, आणि एकूण तीन महिन्यांपेक्षा कमी नाही. कळा सुरू झाल्या की पुढचा डोस घ्यायचा नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. बाळंतपणाची तारीख ठरवलेली असेल तर २४ तास आधी डोस थांबवतात, कारण अंगात पूर्ण डोस असताना पाठीच्या कण्यात भूल देता येत नाही. त्या बाईच्या फाइलवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात शेवटच्या डोसची वेळ लिहायची जागा केली होती, आणि तिच्या नवऱ्याने ती शेवटपर्यंत नेमाने भरली.

फोन करायला संकोच वाटतो, असं तू एकटीच लिहीत नाहीस. मला वाटतं, काय बोलायचं ते ठरलेलं नसतं म्हणून संकोच वाटतो. “पाय दुखतोय” म्हणालीस तर पलीकडून कॅल्शियमच येईल, माझ्याकडूनही आलं होतं. तेव्हा असं सांग : “मला सत्ताविसावा आठवडा आहे. चार दिवस फक्त डावा पाय दुखतोय आणि सुजलाय, जांघेतही दुखतं, दोन पोटऱ्यांच्या घेरात इतका फरक आहे, आणि कालपासून धाप लागतेय. गुठळी नाही ना, हे आजच बघायचं आहे.” शेवटचं वाक्य गाळू नकोस. आधी कधी गुठळी झाली असेल, आईला किंवा बहिणीला झाली असेल, टेस्ट ट्यूबचं किंवा जुळ्यांचं गरोदरपण असेल, वजन बरंच जास्त असेल, तर तेही आपणहून सांगायचं. फोनवर कुणी विचारत बसत नाही.

पलीकडून “उद्या या” आलं आणि नुसता पायच दुखत असेल, तर त्याच दिवशी दुसरीकडे जाऊन बघून घ्यावं. धाप असेल तर उद्याचा प्रश्नच नाही. आणि धाप बसल्या जागी असेल, छातीत कळ असेल, खोकल्यात रक्त असेल किंवा चक्कर येऊन पडली असेल, तर फोनाफोनी न करता १०८ ला कॉल. घोडबंदरच्या खड्ड्यांतून स्कूटरवर मागे बसून जायचं नाही.

जायचं कुठे, हेही आजच ठरवून ठेवावं. आपल्याकडे पुष्कळ छोटी प्रसूतिगृहं उत्तम काम करतात, पण तिथे रात्री डॉपलर नसते, फिजिशियन नसतो, मोठ्यांचा आयसीयू नसतो. पुढच्या भेटीत सरळ विचार : “रात्री मला धाप लागली तर तुम्ही मला कुठे पाठवाल?” ज्या डॉक्टरांनी याचा विचार केलेला असतो ते अर्ध्या मिनिटात नाव सांगतात. सरकारी व्यवस्थेत जाणाऱ्यांसाठी कळव्याचं ठाणे महापालिकेचं रुग्णालय आहे. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं असल्याने स्त्रीरोग आणि मेडिसिन असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत.

डोहाळजेवण पुढे ढकललंस, त्याबद्दल माहेरच्यांची नाराजी दोन दिवसांत जाईल. झोपाळ्यावर बसशील तेव्हा मात्र तासन् तास एका बैठकीत बसू नकोस. ऑफिसातही दर तासाला उठून एक फेरी मारायची, आणि अधूनमधून पाणी प्यायचं. चार तासांहून लांबच्या प्रवासाला, म्हणजे गावी बाळंतपणाला जाणार असशील तेव्हा, मध्ये थांबून पाय मोकळे करायचे. डॉक्टरांनी कारण सांगून विश्रांती सांगितली नसेल, तर घरच्यांच्या आग्रहाखातर पलंग धरायचा नाही.

एक गोष्ट सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव, नंतर घरात बाळ आल्यावर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. बाळंतपण झालं की धोका संपला असं वाटतं, पण गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच्या नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे नेमका आपला सव्वा महिना. सिझेरियन झालं असेल तर आणखी. आपल्याकडे तेव्हाच बाळंतिणीला झोपवून ठेवतात, काही घरांत पाणी मोजून देतात, आणि सकाळी मालिशवाल्या बाई येऊन पाय दणादणा रगडून जातात. तुझ्या घरी मालिशवाल्या येणार असतील तर येऊ देत, बाळाला आंघोळ घालू देत. तुझ्या पायांना हात लावायच्या आधी रोज त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी बघायचे. एक सुजलेला, गरम किंवा दुखरा लागला, तर तेलाची वाटी खाली ठेवायची आणि घरच्यांना हाक मारायची. बाळाच्या आंघोळीच्या सामानात तो शिवणाचा टेपही ठेव.